ग्रुपमधल्या अनोळखी लोकांना तुमचे कोणते नाव दिसते? प्रोफाइलचे नाव आणि सेव्ह केलेले नाव यांतला नेहमीचा घोळ

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आपले नाव चुकीचे दिसते ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे, की आता तक्रार अर्धी सांगून होण्याआधीच मी एक प्रश्न विचारतो : ‘त्या नावाच्या आधी नागमोडी रेघ आहे का?’ बहुतेक वेळा समोरच्या व्यक्तीने त्या रेघेकडे कधी लक्षच दिलेले नसते. प्रत्यक्षात बिघाड कोणत्या फोनमध्ये आहे, हे त्या एका चिन्हावरून कळते. तेवढे कळले की उरलेले काम सहसा पाच मिनिटांचे असते, आणि ते कळले नाही तर माणूस आठवडाभर चुकीच्या फोनमध्ये नाव बदलत बसतो.

लक्षणे

ही तक्रार चार वेगवेगळ्या रूपांत येते. तुमची अडचण यांपैकी कोणती आहे ते आधी नीट ठरवा, कारण पुढच्या तपासण्यांपैकी कोणती लागू पडेल ते त्यावर अवलंबून आहे.

१. ग्रुपमधली अनोळखी माणसे तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारतात. ते टोपणनाव असते, मुलाचे किंवा मुलीचे नाव असते, नुसते एक टिंब किंवा फुलाचे चित्र असते, किंवा हा नंबर तुमच्याआधी ज्याच्याकडे होता त्याचे नाव असते.

२. तुम्ही फोनमध्ये स्वतःचे नाव दुरुस्त केले आहे, तुमच्या फोनवर ते बरोबर दिसते आहे, तरीही बाकीच्यांना जुनेच नाव दिसते. किंवा काहींना नवे आणि काहींना जुने दिसते.

३. ग्रुपमधल्या एखाद्या सदस्याचा नंबर तुम्ही नावासह सेव्ह केला आहे, पण ग्रुपमध्ये तुम्ही दिलेले नाव न येता त्या व्यक्तीनेच ठेवलेले नाव येत राहते.

४. तुम्ही एखाद्याचे नाव स्वतःच्या सोयीसाठी ‘वरच्या मजल्यावरचे, कटकट’ असे सेव्ह केले आहे आणि आता दोघे एकाच ग्रुपमध्ये आल्यावर ते नाव त्यांना किंवा इतरांना दिसेल की काय, अशी धास्ती वाटते आहे.

दोन नावे, दोन ठिकाणे

तपासण्यांकडे वळण्याआधी एवढा भाग वाचाच, कारण सगळा घोळ येथेच होतो. एका माणसाची येथे दोन नावे असतात आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी राहतात. पहिले प्रोफाइलचे नाव. ते त्या माणसाने स्वतः व्हॉट्सॲपमध्ये लिहिलेले असते आणि त्याच्या खात्याबरोबर इतरांपर्यंत जाते. दुसरे सेव्ह केलेले नाव. ते दुसऱ्या कोणीतरी आपल्या फोनच्या कॉन्टॅक्ट यादीत लिहिलेले असते आणि ते त्याच्यापुरतेच असते. ग्रुपमध्ये ५० माणसे असतील आणि त्यांपैकी ३० जणांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल, तर तुमची एकतीस नावे एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात : ३० जणांच्या फोनमध्ये त्यांनी त्यांनी दिलेले नाव, आणि उरलेल्या सर्वांना तुम्ही प्रोफाइलमध्ये लिहिलेले एकच नाव.

संदेश पाठवताना व्हॉट्सॲप ‘अमुक नंबरकडून आला’ एवढेच मुळात सांगते. तो नंबर ज्याच्या फोनवर पोचतो, तो फोन आधी स्वतःची कॉन्टॅक्ट यादी पाहतो. तेथे त्या नंबराला नाव असेल तर तेच दाखवतो. नसेल तर पाठवणाऱ्याचे प्रोफाइलचे नाव दाखवतो, त्याच्याआधी ~ हे चिन्ह लावतो आणि सोबत नंबरही दाखवतो. आवृत्तीप्रमाणे नाव व नंबर यांच्या जागा अदलाबदल होतात, पण चिन्हाचा अर्थ बदलत नाही. ‘हे नाव मी दिलेले नाही, समोरच्याने स्वतःचे म्हणून लिहिले आहे’ असे तो फोन आपल्या मालकाला सांगत असतो.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर असे : ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही अशा सर्वांना तुमचे प्रोफाइलचे नाव दिसते. तुमच्या आईने, मित्राने किंवा ग्रुपच्या ॲडमिनने तुम्हाला कोणत्या नावाने सेव्ह केले आहे, याचा त्या अनोळखी माणसाच्या पडद्याशी काही संबंध नसतो. ॲडमिनने तुम्हाला ग्रुपमध्ये घेताना त्याच्या यादीतून निवडलेले असले, तरी त्याच्या यादीतले नाव ग्रुपमध्ये जात नाही. तुमचा नंबर तेवढा जोडला जातो. ॲडमिनला तुमचे प्रोफाइलचे नाव बदलताही येत नाही, त्यामुळे ती विनंती त्याच्याकडे करून उपयोग नाही.

पहिली तपासणी : समोरच्याकडून स्क्रीनशॉट मागवा

यासाठी पैसे लागत नाहीत, काही बदलावे लागत नाही आणि चूक होण्याची शक्यता नाही, म्हणून सुरुवात येथूनच करावी. ज्याला तुमचे नाव चुकीचे दिसते त्याला तुमच्या एखाद्या संदेशाचा, नावासह, स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. नावाआधी ~ असेल तर चूक तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे आणि दुरुस्ती तुमच्या हातात आहे. ~ नसेल तर ते नाव त्यांच्या कॉन्टॅक्ट यादीतून आले आहे. तुम्ही तुमच्या फोनमध्ये काहीही केले तरी ते बदलणार नाही.

स्क्रीनशॉटच का, असे मला अनेकदा विचारले जाते. कारण फोनवरून विचारले तर माणूस नाव वाचून दाखवतो, चिन्ह वाचत नाही. शिवाय स्वतःच्या फोनवर ही गोष्ट तुम्हाला पाहताच येत नाही. ग्रुपच्या सदस्यांच्या यादीत तुमच्या जागी तुमच्या फोनवर You किंवा ‘तुम्ही’ असेच येते. स्वतःलाच संदेश पाठवण्याची जी चॅट आहे ती तर आणखी फसवी आहे. तुम्ही स्वतःचा नंबर स्वतःच्या यादीत सेव्ह केला असेल, तर तेथे ते सेव्ह केलेले नाव दिसते. ते पाहून माणसाला वाटते की नाव बदलले. पण ते फक्त त्याच्या यादीत बदललेले असते.

दुसरी तपासणी : प्रोफाइलचे नाव उघडून वाचा

स्क्रीनशॉटमध्ये ~ दिसले की व्हॉट्सॲपमध्ये Settings उघडा, सर्वांत वर तुमचे चित्र आणि नाव असलेली पट्टी असते तिच्यावर दाबा आणि Name समोर काय लिहिले आहे ते वाचा. अनोळखी लोकांना दिसणारे नाव एवढेच. फोनच्या कॉन्टॅक्ट यादीतले ‘माझे कार्ड’, फोन तयार करणाऱ्या कंपनीच्या खात्यावरचे नाव, ईमेलचे नाव, यांपैकी कशाचाही येथे वापर होत नाही.

हे नाव बहुतेकांनी स्वतः लिहिलेले नसते, ही माझ्या अनुभवातली खरी अडचण आहे. फोन नवा घेतला तेव्हा घरातल्या तरुण माणसाने घाईत व्हॉट्सॲप सुरू करून दिलेले असते आणि नावाच्या रकान्यात जे सुचले ते भरलेले असते. नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून कोणी एक टिंब देते, कोणी फुलाचे चित्र देते, कोणी ‘बाबा’ लिहिते. घरच्या सगळ्यांनी नंबर सेव्ह केलेला असल्यामुळे ते नाव घरात कोणालाही कधी दिसत नाही. वर्षानुवर्षे ते तसेच राहते आणि पहिल्यांदा अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये गेल्यावर उघडे पडते.

नाव लिहिताना २५ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हेही त्या मोजणीत धरले जातात, त्यामुळे दिसायला छोटे नाव लवकर मर्यादा गाठते. रकान्याशेजारी उरलेल्या अक्षरांचा आकडा दिसतो, त्याकडे लक्ष ठेवावे. पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही बसवण्याचा आग्रह धरू नये. पहिले नाव आणि आडनाव पुरेसे आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. शेवटचे कधी ऑनलाइन होता, प्रोफाइल चित्र, About ही माहिती कोणाला दिसावी हे Privacy मध्ये ठरवता येते. चित्रासाठी My contacts निवडले तर तुमच्या यादीत नसलेल्यांना ते दिसत नाही. प्रोफाइलच्या नावाला मात्र असा पडदा नाही. साध्या ग्रुपमध्ये नावाबरोबर नंबरही सर्व सदस्यांना दिसतो. म्हणून पूर्ण नाव द्यायचे नसेल तर अर्धे द्या, पण जे लिहाल ते परक्या माणसाने मोठ्याने वाचले तरी चालेल असेच लिहा.

तिसरी तपासणी : बदल केल्यावर ग्रुपमध्ये एक संदेश पाठवा

नाव बदलून लगेच दुसऱ्याच्या फोनवर पाहिले तर कधी कधी जुनेच नाव दिसते. प्रोफाइलचे नाव तुमच्या संदेशांसोबत इतरांच्या फोनपर्यंत पोचते, त्यामुळे तुम्ही गप्प असाल तर त्यांच्या फोनकडे जुनीच नोंद राहू शकते. ज्याने ग्रुपमध्ये कधीच काही लिहिलेले नाही अशा सदस्याचा काहींना नुसता नंबर दिसतो, त्याचेही कारण बहुधा हेच असते. नाव बदलल्यावर एक साधा संदेश पाठवा आणि मग स्क्रीनशॉट मागवा. तुमच्या जुन्या संदेशांवरही नवे नाव दिसू लागेल, कारण नाव प्रत्येक संदेशात कोरलेले नसते. तुमच्या नंबरासमोर जी नोंद असेल ती फोन सगळीकडे दाखवतो.

चौथी तपासणी : चिन्ह नसेल तर त्यांची यादी

मी केलेली एक दुरुस्ती येथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात वरच्या तिन्ही तपासण्या आणि ही चौथी अशा सगळ्याच लागल्या.

एक निवृत्त शिक्षिका अभिवाचनाच्या एका ग्रुपमध्ये नव्यानेच गेल्या होत्या. ग्रुपमध्ये साठेक माणसे होती आणि त्यांतली चार-पाचच ओळखीची. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी अत्यंत आदराने लिहिले, ‘आईचा नवीन फोन, आपण या कथेबद्दल काय म्हणाल?’ बाईंना फार संकोच वाटला. त्यांनी फोनच्या यादीत जाऊन स्वतःचे नाव नीट लिहिले, ते तीनदा जतन केले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला. तरी चार दिवसांनी पुन्हा तसाच संदेश आला. मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, मी बदललंय हो, हे बघा ना.’ त्यांनी दाखवलेली चॅट स्वतःला संदेश पाठवण्याची होती आणि तेथे त्यांचे नाव अगदी बरोबर दिसत होते.

आम्ही ग्रुपमधल्या एका ओळखीच्या सदस्याकडून स्क्रीनशॉट मागवला. त्याने नंबर सेव्ह केलेला नव्हता. त्यात ‘~आईचा नवीन फोन’ असे स्पष्ट होते. Settings मध्ये Name समोर तेच शब्द होते; मुलाने फोन सुरू करताना लिहिलेले, दोन वर्षांपूर्वीचे. ते बदलून पहिले नाव आणि आडनाव लिहिले, ग्रुपमध्ये ‘नमस्कार’ एवढा संदेश पाठवला, आणि त्या सदस्याच्या फोनवर नवे नाव आले.

काम झाले असे वाटत असतानाच संयोजकांचा संदेश आला : त्यांना अजून ‘आईचा नवीन फोन’ असेच दिसते. त्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये ~ नव्हते. त्यांनी बाईंचा नंबर ग्रुपमधूनच कॉन्टॅक्टमध्ये घेतला होता आणि त्या वेळी दिसणारे नाव जसेच्या तसे राहू दिले होते. त्यामुळे ते नाव आता प्रोफाइलचे राहिले नव्हते, संयोजकांच्या यादीतले झाले होते. बाईंनी प्रोफाइल कितीही वेळा बदलले असते तरी तेथे फरक पडला नसता. त्यांना कॉन्टॅक्ट उघडून नाव बदलायला सांगितले. त्यांनी पुढे आणखी दोघांना बाईंचे कॉन्टॅक्ट पाठवले होते; त्या दोघांकडेही तेच नाव सेव्ह झाले होते, म्हणून त्यांनाही सांगावे लागले.

यावरून दिसेल की काहींना नवे आणि काहींना जुने नाव दिसणे हे व्हॉट्सॲपच्या बिघाडाचे लक्षण नाही. प्रत्येकाची यादी वेगळी असल्याचे ते लक्षण आहे. ज्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये ~ नाही अशा प्रत्येकाला वैयक्तिक विनंती करणे, एवढाच मार्ग येथे आहे. नंबर नुकताच तुमच्याकडे आला असेल आणि लोकांना आधीच्या मालकाचे नाव दिसत असेल तर तेही याच कारणाने : आधीच्या मालकाच्या परिचितांनी तो नंबर कधीतरी सेव्ह केलेला असतो.

पाचवी तपासणी : तुम्ही सेव्ह केलेले नाव तुम्हालाच दिसत नसेल तर

हे तिसरे लक्षण. नंबर सेव्ह आहे, तरी ग्रुपमध्ये ~ लागलेलेच नाव येते. याचा अर्थ तुमच्या फोनने ग्रुपमधला नंबर आणि यादीतला नंबर एकच आहेत हे ओळखलेले नाही, किंवा व्हॉट्सॲपला तुमची यादी वाचताच आलेली नाही.

आधी नंबर कसा लिहिला आहे ते पाहा. दुसऱ्या देशातला नंबर असेल तर तो अधिकचे चिन्ह, देशाचा कोड आणि पूर्ण नंबर अशा क्रमाने हवा. सुरुवातीला सवयीने लावलेले शून्य किंवा परदेशी फोन लावताना वापरायची जादा शून्ये काढून टाका.

```
+[देशाचा कोड][पूर्ण नंबर]
```

त्यानंतर परवानगी तपासा. फोनच्या Settings मध्ये व्हॉट्सॲपसाठी Contacts ची परवानगी बंद असेल, तर एकाच नव्हे तर सगळ्याच लोकांची सेव्ह केलेली नावे नाहीशी होऊन नुसते नंबर किंवा ~ असलेली नावे दिसू लागतात. आयफोनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत काही निवडक कॉन्टॅक्टपुरतीच परवानगी देण्याची सोय आहे. ती निवडलेली असेल तर जुनी माणसे नावाने दिसतात आणि नव्याने सेव्ह केलेली दिसत नाहीत. हा प्रकार ओळखायला कठीण जातो. परवानगी ठीक असेल तर अँड्रॉइडवर नवी चॅट सुरू करण्याच्या पडद्यावर तीन टिंबांच्या मेनूत Refresh असते, ते एकदा दाबा.

येथपर्यंत येऊनही नाव आले नाही तर तोच नंबर यादीत दोन वेगळ्या नावांनी आहे का ते शोधा. नावाने न शोधता नंबराचे शेवटचे चार-पाच अंक टाकून शोधावे, म्हणजे विसरलेली दुसरी नोंद सापडते.

सहावी तपासणी : सेव्ह केलेले नाव बाहेर जाण्याच्या वाटा

आता चौथे लक्षण, म्हणजे ‘वरच्या मजल्यावरचे, कटकट’. एकाच ग्रुपमध्ये असल्यामुळे हे नाव कोणालाही दिसत नाही, हे निःशंकपणे सांगता येते. पण ते आपल्याच हातून बाहेर जाऊ शकते, आणि मी पाहिलेली बहुतेक दुखावलेली माणसे त्यामुळेच दुखावलेली होती.

सर्वांत मोठी वाट म्हणजे कॉन्टॅक्ट पाठवणे. कोणी नंबर मागितला आणि तुम्ही जोडणीच्या मेनूतून कॉन्टॅक्ट पाठवले, तर नंबराबरोबर तुम्ही सेव्ह केलेले नावही जाते. ग्रुपमध्ये पाठवले तर ते सर्वांना दिसते, त्यात तो माणूसही आला. उपाय सोपा आहे : आधी यादीतले नाव सरळ करा आणि मग पाठवा, किंवा नंबर संदेशात नुसता टाइप करा.

दुसरी वाट @ लिहून नाव घेण्याची. @ नंतर येणाऱ्या यादीतून माणूस निवडला तर काळजीचे कारण नाही. संदेशात नंबर जातो आणि प्रत्येकाला आपापल्या यादीप्रमाणे किंवा प्रोफाइलप्रमाणे नाव दिसते. यादीतून न निवडता @ पुढे नाव हाताने लिहिले तर तो साधा मजकूर होतो आणि जसे लिहिले तसेच सर्वांना दिसतो. निवडलेले नाव वेगळ्या रंगात उठून दिसते, त्यावरून पाठवण्याआधी फरक कळतो.

स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या फोनवरची नावे दिसतात आणि चॅट एक्स्पोर्ट केल्यावर तयार होणाऱ्या फाइलमध्येही तुमच्याच यादीतली नावे येतात. ग्रुपमधल्या चर्चेची फाइल पाठवण्याआधी ती उघडून वाचा.

आणखी एक वाट तुमच्या हाताबाहेरची आहे. अनोळखी कॉल कोणाचा आहे हे सांगणारी काही ॲप वापरणाऱ्यांच्या कॉन्टॅक्ट यादीतली नावे गोळा करतात. ग्रुपमधल्या अनोळखी माणसाने तुमचा नंबर अशा ॲपमध्ये शोधला, तर कोणीतरी तुम्हाला ज्या नावाने सेव्ह केले असेल ते त्याला दिसू शकते. व्हॉट्सॲपवर नाव बरोबर आहे आणि तरी कोणी भलत्याच नावाने हाक मारली, तर त्याला ‘हे नाव कोठे पाहिलेत?’ असे सरळ विचारा. उत्तर या ॲपचे आले तर दुरुस्ती त्या ॲपच्या स्वतःच्या पानावर, नाव बदलण्याची किंवा नंबर काढून टाकण्याची विनंती करून करावी लागते. व्हॉट्सॲपमध्ये काही बदलून ती होत नाही.

येथे थांबा आणि मदत घ्या

तीन प्रसंगी स्वतः पुढे काही करू नये.

पहिला प्रसंग : तुम्ही न बदलता प्रोफाइलचे नाव किंवा चित्र बदललेले आढळले. घरातल्या कोणी बदलले का ते विचारा. तसे नसेल तर Linked devices उघडून अनोळखी उपकरणे लगेच बंद करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा अंकी पिन ठेवा. नाव पुन्हा बदलले, तुम्ही न मागता पडताळणीचा कोड येऊ लागला किंवा खात्यातून बाहेर काढले गेलात, तर हा नावाचा प्रश्न उरलेला नाही. खाते दुसऱ्याच्या हाती गेले आहे असे समजा, ॲपमधील मदतीच्या पानावरून कंपनीला कळवा, परिचितांना दुसऱ्या मार्गाने सांगा आणि तुमच्या नावाने पैसे मागितले जात असतील तर पोलिसांकडे तक्रार करा. आलेला कोड कोणी ‘ग्रुपमधले नाव दुरुस्त करून देतो’ म्हणून मागत असेल तर तो देऊ नका. नाव बदलायला कोणताही कोड लागत नाही.

दुसरा प्रसंग : आधीच्या मालकाचे नाव तुमच्या नंबरावर ~ चिन्हासह दिसते आहे, आणि तुम्ही प्रोफाइल बदलून संदेश पाठवूनही ते जात नाही. अशा वेळी तो नंबर अजून कोठे चालू आहे का, याची खात्री दूरसंचार कंपनीच्या ग्राहक सेवेकडून करून घ्या. तोपर्यंत त्या नंबरावर नवे ग्रुप घेऊ नका.

तिसरा प्रसंग सर्वांत नाजूक आहे. पाचवी तपासणी करताना यादीतली शेकडो नावे एकाएकी नाहीशी झाली किंवा एकमेकांत मिसळली, तर त्याच क्षणी थांबा. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका, फोन मूळ स्थितीत आणू नका, खाते काढून पुन्हा जोडू नका आणि दुहेरी नोंदी एकत्र करणारे ॲप तर मुळीच चालवू नका, कारण यांतली कोणतीही कृती उरलेली नोंदही पुसू शकते. यादी गूगलच्या खात्यात असेल तर contacts.google.com वर Undo changes हा पर्याय मागच्या ३० दिवसांतल्या स्थितीपर्यंत मागे जाऊ देतो. तो तुम्हाला सहज सापडला आणि समजला तर वापरा. नाहीतर फोन आहे तसा एखाद्या विश्वासू, जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि नावे नेमकी कोणत्या दिवशी दिसेनाशी झाली ते कागदावर लिहून सोबत द्या.